तपकिरी ब्रेडमध्ये गहू किती? वेष्टन वाचण्याची रीत

मधुमेहाचे, बद्धकोष्ठतेचे किंवा वाढलेल्या कोलेस्टेरॉलचे निदान झाले की डॉक्टर बहुधा सांगतात, पांढरा ब्रेड बंद करा, गव्हाचा खा. घरातले कोणी तरी दुकानात जाते आणि तपकिरी रंगाचा, वेष्टनावर गव्हाच्या ओंब्या छापलेला ब्रेड घेऊन येते. पुढे वर्षानुवर्षे तोच ब्रेड आणला जातो. त्यात गव्हाचा आटा किती आहे, मैदा किती आहे आणि रंग कशाचा आहे, हे पाहिले जात नाही. खरे तर ही माहिती त्याच वेष्टनाच्या मागच्या बाजूला दोन ठिकाणी असते. एक म्हणजे घटकांची यादी आणि दुसरे म्हणजे पोषणमूल्यांचा तक्ता. ही दोन ठिकाणे एकत्र कशी वाचायची, त्यांतून किती नेमके अनुमान काढता येते आणि ते कुठे चुकू शकते, याचा हा आढावा आहे.

सुरुवातीलाच निष्कर्ष सांगतो. रंगावरून काहीच ठरत नाही आणि नावावरून फार थोडे ठरते. घटकांचा क्रम ब्रेड कोणत्या पिठाचा आहे ते सांगतो, तर तंतुमय पदार्थांचा आकडा त्या पिठात अख्खा गहू साधारण किती आहे ते सांगतो. यांपैकी एकाच गोष्टीवर विसंबले तर फसगत होऊ शकते. दोन्ही एकमेकांशी जुळल्या तरच ब्रेड खरा मानावा.

रंग कुठून येतो

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचा कोंडा वजनाने सुमारे १४ टक्के, टोकाशी असलेला अंकुर अडीच टक्क्यांच्या आसपास आणि उरलेला सारा आतला पांढरा गाभा. मैदा म्हणजे हा गाभाच, कोंडा आणि अंकुर काढून टाकून बारीक दळलेला. तंतू, लोह, मॅग्नेशियम आणि ब गटातली जीवनसत्त्वे मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असतात, त्यामुळे मैदा करताना ती मोठ्या प्रमाणात निघून जातात.

आपल्याकडचा गहू रंगाने फिकट, सोनेरी असतो. त्याच्या आट्याची पोळी जशी फिकट बदामी दिसते, तशाच छटेचा त्याचा ब्रेडही असतो. आतला भाग किंचित मळकट बदामी आणि त्यात कोंड्याचे बारीक, कमीजास्त आकाराचे ठिपके. याउलट ब्रेडचा आतला भाग एकसारखा गडद, चॉकलेटी छटेचा असेल तर तो रंग बहुधा आट्याचा नसतो. तो कॅरॅमल रंगाने, माल्टच्या अर्काने, काकवीने किंवा कोको पावडरने आलेला असू शकतो. कॅरॅमल रंग म्हणजे साखर तापवून केलेला तपकिरी रंग. खाद्यपदार्थांत त्याला परवानगी आहे आणि वेष्टनावर तो बहुधा ‘आयएनएस १५०ए’, ‘१५०सी’ किंवा ‘१५०डी’ अशा क्रमांकाने दिसतो. हा क्रमांक दिसला म्हणजे ब्रेड अपायकारक आहे असे नाही. रंग पिठातून आलेला नाही, वेगळा घातला आहे, एवढेच त्यावरून कळते. पिठात आटा भरपूर असेल तर ब्रेडला रंग देण्याची गरज सहसा पडत नाही.

ब्रेड किती जड लागतो यावरूनही काही लोक अंदाज बांधतात. त्यामागे कारण आहे. मैद्यातले ग्लूटेन ताणले जाऊन यीस्टचा वायू धरून ठेवते आणि ब्रेड फुगतो. आट्यातल्या कोंड्याचे कण ही जाळी तोडतात, म्हणून आट्याचा ब्रेड कमी फुगतो आणि घट्ट होतो. पण बेकऱ्या आता आट्याच्या पिठात वेगळे काढलेले ग्लूटेन आणि इमल्सिफायर मिसळतात, त्यामुळे पूर्ण आट्याचा ब्रेडही बऱ्यापैकी मऊ होऊ शकतो. म्हणजे मऊपणा हीसुद्धा खात्रीची खूण राहिलेली नाही.

घटकांचा क्रम

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पदार्थ तयार करताना जे वजनाने सर्वांत जास्त घातले ते पहिले, मग त्याहून कमी, असे करत शेवटी सर्वांत कमी. ब्रेडच्या यादीत पाणी सोडले तर पहिला घटक पीठच असतो. म्हणून पहिली नजर पहिल्या पिठावर टाकायची.

आपल्याकडच्या बहुतेक वेष्टनांवर यादी इंग्रजीत असते. तिच्यात पिठाची तीन नावे भेटतात. ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ असे असेल तर तो अख्ख्या गव्हाचा आटा. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ किंवा ‘मैदा’ असेल तर तो मैदा. आणि नुसतेच ‘व्हीट फ्लोअर’ असेल तर ते मैदा समजूनच पुढे वाचावे. मैदाही गव्हाचेच पीठ असतो, त्यामुळे हे नाव खोटे ठरत नाही. पण ज्याने महागडा आटा वापरला आहे तो ‘होल’ हा शब्द वेष्टनावरून सहसा गाळत नाही.

पहिल्या जागी मैदा असेल तर ब्रेडचे नाव काहीही असो, तो मुळात मैद्याचा ब्रेड आहे. पहिल्या जागी आटा आणि पुढे कुठेच मैदा नाही, तर तो आट्याचा ब्रेड. अडचण येते ती पहिल्या जागी आटा आणि दुसऱ्या जागी मैदा असेल तेव्हा. क्रम फक्त कोण जास्त ते सांगतो, किती जास्त ते सांगत नाही. आटा ५१ भाग आणि मैदा ४९ भाग असला तरी यादी तशीच दिसेल, आणि आटा ९० भाग व मैदा १० भाग असला तरीही तशीच. हा प्रश्न सोडवायला तंतूंचा आकडा लागतो. त्याआधी क्रमाचा आणखी एक उपयोग पाहू.

मिठाची रेघ

मल्टीग्रेन, ओट्स, नाचणी, जवस अशा नावांचे ब्रेड सध्या खूप विकले जातात. त्यांत ही धान्ये किती आहेत हे ओळखण्यासाठी यादीत मीठ कुठे आहे ते शोधावे. ब्रेडमध्ये मिठाचे प्रमाण फारसे बदलत नाही, कारण ते चवीने बांधलेले असते. पिठाच्या शंभर भागांना साधारण दोन भाग मीठ पडते. त्यामुळे यादीत मिठाच्या नंतर जे जे आले आहे ते सारे मिठापेक्षाही कमी आहे, हे नियमानेच सिद्ध होते.

मीठ किती आहे हे पोषणमूल्यांच्या तक्त्यावरूनही काढता येते. तक्त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. समजा, शंभर ग्रॅम ब्रेडमध्ये ४५० मिलिग्रॅम सोडियम आहे. म्हणजे मीठ जास्तीत जास्त १.१ ग्रॅम, कारण काही सोडियम इतर घटकांतूनही येते. मग ४०० ग्रॅमच्या संपूर्ण ब्रेडमध्ये मीठ साडेचार ग्रॅमच्या आसपास झाले. यादीत ओट्स मिठाच्या नंतर असतील तर अख्ख्या ब्रेडमध्ये ओट्स साडेचार ग्रॅमही नाहीत. एका स्लाईसच्या वाट्याला त्यातले फार तर पाव ते तृतीयांश ग्रॅम येईल. वरच्या कवचावर भुरभुरलेले दाणे डोळ्यांना भरपूर वाटतात, पण पोटात जाणारे प्रमाण हे एवढेच. तपकिरी ब्रेडच्या यादीत ‘व्हीट ब्रान’, म्हणजे गव्हाचा कोंडा, मिठाच्या खाली दिसला तर तोही याच हिशोबातला.

टक्केवारी वाचताना

त्याच २०२० च्या नियमांत ग्राहकाच्या उपयोगाची आणखी एक तरतूद आहे. वेष्टनावर एखाद्या घटकाचा शब्दांत किंवा चित्रात ठळक उल्लेख केला असेल, तर त्याचे प्रमाण टक्क्यांत द्यावे लागते. म्हणून ‘आटा ब्रेड’ म्हणणाऱ्या वेष्टनावर मागे यादीत आट्यापुढे कंसात आकडा शोधावा.

पण हा आकडा वाचताना एक चूक हमखास होते. ‘आटा ५५ टक्के’ असे दिसले की उरलेला ४५ टक्के मैदा असणार, असे वाटते. तसे असेलच असे नाही. शंभर ग्रॅम आट्याचा ब्रेड करताना त्यात साधारण ६५ ते ७० ग्रॅम पाणी आणि साखर, तेल, यीस्ट, मीठ मिळून दहा-बारा ग्रॅम पडतात. टक्केवारी काढताना पाणी धरले असेल, तर ज्या ब्रेडमध्ये मैद्याचा कणही नाही त्यातही आटा ५५ टक्क्यांच्याच आसपास येतो. पाणी धरले नसेल तर तोच आकडा ८५ च्या पुढे जातो. म्हणून आकड्याची तुलना शंभराशी करू नये. यादीत मैदा आहे की नाही ते आधी पाहावे. मैदा असेल आणि त्याचीही टक्केवारी दिली असेल, तर दोन पिठांची आपसात तुलना करावी. आटा ३० आणि मैदा २८ असेल, तर तो जवळजवळ निम्म्या मैद्याचा ब्रेड आहे, पाणी धरलेले असो वा नसो.

तंतूंचा आकडा काय सांगतो

आता दुसरे ठिकाण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार शंभर ग्रॅम गव्हाच्या आट्यात ११.३६ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात आणि शंभर ग्रॅम मैद्यात २.७६ ग्रॅम. म्हणजे चौपट फरक. प्रथिने मात्र दोन्हींत साडेदहा ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणून वेष्टनावरची प्रथिने पाहून आटा ओळखता येत नाही, त्यातही वरून ग्लूटेन घातले असेल तर मुळीच नाही. ओळखीसाठी तंतूंइतका उपयोगी आकडा तक्त्यात दुसरा नाही.

ब्रेडमध्ये पाणी असल्यामुळे पिठाचा हा आकडा ब्रेडवर जसाच्या तसा येत नाही. हिशोब असा. शंभर ग्रॅम आटा, ७० ग्रॅम पाणी आणि इतर साहित्य मिळून १८० ग्रॅमच्या आसपास गोळा होतो. भाजताना दहा-बारा टक्के वजन वाफेत जाते आणि सुमारे १६० ग्रॅम ब्रेड उतरतो. आट्यातले ११ ग्रॅम तंतू या १६० ग्रॅममध्ये विभागले गेले, म्हणजे शंभर ग्रॅम ब्रेडमध्ये सुमारे ७ ग्रॅम. मैदा पाणी थोडे कमी पितो, त्यामुळे त्याचा ब्रेड दीडशे ग्रॅमच्या आसपास उतरतो आणि त्यात शंभराला जेमतेम २ ग्रॅम तंतू येतात. निम्मा आटा आणि निम्मा मैदा असेल तर साडेचार ग्रॅमच्या आसपास.

यातून लक्षात ठेवायला सोपा नियम निघतो. शंभर ग्रॅम ब्रेडमधले तंतू पाहावेत आणि त्यातून २ वजा करावेत. उरलेल्या प्रत्येक ग्रॅममागे पिठात साधारण २० टक्के आटा आहे असे धरावे. ७ ग्रॅम असेल तर पूर्ण आटा. ५ ग्रॅम असेल तर ६० टक्के. ३ ग्रॅम असेल तर फक्त २० टक्के. हा नियम ढोबळ आहे. गव्हाचे वाण, दळण आणि पाण्याचे प्रमाण यांनुसार अर्धा ग्रॅम इकडे तिकडे होणारच. पण सातचा ब्रेड आणि तीनचा ब्रेड यांत त्याने गल्लत होत नाही.

याच ठिकाणी ‘तंतूंचा स्रोत’ या दाव्याकडे सावधपणे पाहायला हवे. अन्न प्राधिकरणाच्या २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांत, शंभर ग्रॅममध्ये किमान ३ ग्रॅम तंतू असतील तर पदार्थाला तंतूंचा स्रोत म्हणता येते आणि ६ ग्रॅम असतील तर तंतूंनी समृद्ध. आपला हिशोब लावला तर पाऊण भाग मैदा आणि पाव भाग आटा असलेला ब्रेडही ३ ग्रॅमची पायरी ओलांडतो. म्हणजे ‘सोर्स ऑफ फायबर’ हे शब्द पूर्ण नियमात बसूनही बहुतांशी मैद्याच्या ब्रेडवर येऊ शकतात. ६ ग्रॅमची पायरी मात्र नुसत्या पिठाच्या जोरावर गाठायची असेल तर आट्याचे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या पुढे न्यावे लागते.

आकडा एक, ब्रेड दोन

मग फक्त तंतूंचा आकडा पाहून का भागत नाही? कारण तंतू वेगळे आणूनही घालता येतात. गव्हाच्या कोंड्यात शंभराला सुमारे ४२ ग्रॅम तंतू असतात. शंभर ग्रॅम मैद्यात बारा ग्रॅम कोंडा मिसळला की त्या ब्रेडमध्ये साडेचार ग्रॅम तंतू येतात, म्हणजे निम्म्या आट्याच्या ब्रेडइतकेच. शिवाय ‘व्हीट फायबर’, ‘ओट फायबर’, ‘इन्युलिन’, ‘पॉलिडेक्स्ट्रोज’ अशा नावांनी शुद्ध तंतूही मिळतात. थोडेसे घातले तरी आकडा झपाट्याने वर जातो.

चार नमुना वेष्टने घेऊन हे शेवटपर्यंत पाहू. ही कोणत्याही विशिष्ट कंपनीची नाहीत. बाजारात ज्या प्रकारच्या याद्या दिसतात, त्या धर्तीवर ती मांडली आहेत.

पहिले वेष्टन ‘ब्राऊन ब्रेड’चे. घटक: मैदा, आटा, साखर, यीस्ट, पाम तेल, मीठ, गव्हाचा कोंडा, माल्टचा अर्क, इमल्सिफायर, परिरक्षक, रंग १५०ए. तंतू ३.२ ग्रॅम. पहिला घटक मैदा, म्हणजे आटा निम्म्यापेक्षा कमी हे क्रमानेच ठरले. कोंडा मिठाच्या खाली, म्हणजे नगण्य, त्यामुळे तंतूंचा नियम इथे लावता येतो. ३.२ मधून २ वजा केले की १.२ उरतात, म्हणजे पिठात सुमारे पाव भाग आटा. पाव भाग आट्याने ब्रेड फारसा तपकिरी होत नाही. उरलेली छटा माल्टची आणि कॅरॅमलची. क्रम, आकडा आणि रंग या तिन्हींचे उत्तर एकच आले: हा रंगवलेला मैद्याचा ब्रेड आहे.

दुसरे वेष्टन ‘आटा ब्रेड’चे. घटक: आटा, मैदा, साखर, यीस्ट, तेल, ग्लूटेन, मीठ आणि पुढे नेहमीची रसायने. तंतू ४.५ ग्रॅम. पहिल्या जागी आटा आहे, त्यामुळे नुसता क्रम पाहणारा समाधानाने पिशवीत टाकेल. पण आकडा सांगतो की आटा निम्माच आहे. पहिला क्रमांक थोडक्यात मिळालेला आहे.

तिसरे वेष्टन ‘ब्रान ब्रेड’चे. घटक: मैदा, गव्हाचा कोंडा, साखर, यीस्ट, तेल, ग्लूटेन, मीठ. तंतू ४.६ ग्रॅम. नुसता आकडा पाहणारा याला दुसऱ्या ब्रेडच्या बरोबरीचा समजेल. यादी सांगते की यात आटा नाहीच, मैदा आणि कोंडा आहे. याला वाईट म्हणायचे कारण नाही. कोंड्याचे तंतू पोट साफ ठेवायला उपयोगीच असतात. पण अंकुर यात नाही आणि त्यातले स्निग्धांश व जीवनसत्त्वेही नाहीत. अख्खा गहू हवा असेल तर तो इथे मिळत नाही.

चौथे वेष्टन ‘होल व्हीट ब्रेड’चे. घटक: आटा (५५ टक्के), पाणी, ग्लूटेन, साखर, यीस्ट, तेल, मीठ. तंतू ६.८ ग्रॅम. मैदा यादीत नाही, रंग नाही, कोंडा किंवा वेगळे तंतू नाहीत आणि आकडा सातच्या जवळ. क्रम आणि आकडा पूर्ण जुळतात. ५५ टक्के पाहून बिचकायचे कारण नाही, पाणी यादीत दुसऱ्या जागी असल्याने ते धरलेले आहे हे दिसतेच. हा खरा गव्हाचा ब्रेड.

आता उलटी तपासणीही करता येते. यादीत पहिला आटा, मैदा कुठेच नाही, पण तंतू फक्त साडेतीन ग्रॅम, असे वेष्टन हाती आले तर काही तरी चुकते आहे. आट्याच्या नावाखाली कोंडा बराचसा चाळून काढलेले पीठ वापरले असेल किंवा छपाई तरी चुकली असेल. असा ब्रेड न घेणेच बरे.

आकडा कुठे फसवतो

पहिली गोष्ट मापाची. काही तक्ते शंभर ग्रॅमबरोबर एका किंवा दोन स्लाईसचेही आकडे देतात. एक स्लाईस २५ ते ३० ग्रॅमची असते. दोन स्लाईस, ५० ग्रॅम, तंतू २.२ ग्रॅम असे असेल तर शंभराला ते ४.४ होतात. तुलना नेहमी शंभर ग्रॅमचीच करावी.

दुसरी गोष्ट टोस्ट आणि खारी-बटरसारख्या कोरड्या पदार्थांची. त्यांतले पाणी उडून गेलेले असते, म्हणून शंभर ग्रॅममध्ये पीठ जास्त भरते आणि तंतूही जास्त दिसतात. त्यांना सातचा नियम लावू नये. तिथे कर्बोदके आणि तंतू यांचे गुणोत्तर पाहावे, कारण पाणी कमी-जास्त झाले तरी गुणोत्तर बदलत नाही. कर्बोदकांचा आकडा तंतूंनी भागावा. उत्तर दहापेक्षा कमी आले तर पदार्थ अख्ख्या धान्याकडे झुकणारा आहे. अमेरिकेतल्या अभ्यासकांनीही अख्खे धान्य ओळखण्यासाठी दहास एक हे प्रमाण सुचवलेले आहे. आपल्या आट्यात हे उत्तर सातच्या जवळ येते, निम्म्या मैद्याला ते अकराच्या आसपास जाते आणि नुसत्या मैद्याला पंचवीसच्या वर. मात्र तूप किंवा साखर भरपूर असेल तर हे उत्तरही ढळते.

तिसरी गोष्ट ‘क्रूड फायबर’ची. तंतू मोजण्याची ही जुनी पद्धत आहे आणि तिच्यात बरेचसे तंतू मोजणीतून सुटतात. वेष्टनावर हा शब्द असेल तर आकडा फार लहान दिसेल. त्याला वरचा नियम लागू होत नाही. ‘डायटरी फायबर’ असे लिहिलेला आकडाच धरावा.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तंतूंचा आकडा छापणे आपल्याकडे सरसकट सक्तीचे नाही. ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्ध पदार्थ, सोडियम हे द्यावेच लागते, तंतू मात्र त्याविषयी दावा केला असेल तरच. म्हणून पुष्कळ वेष्टनांवर तो नसतोच. अशा वेळी यादीवरच विसंबावे आणि आट्याशेजारी मैदाही दिसत असेल तर तो ब्रेड निम्म्या मैद्याचा मानून चालावे. ज्याच्याकडे सातचा आकडा आहे तो उत्पादक तो लपवत नाही.

इतर ठिकाणी काय आहे

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना वेगळे शब्द भेटतात. अमेरिकेत ‘होल व्हीट ब्रेड’ या नावाला कायद्याचे संरक्षण आहे, त्यात मैदा चालत नाही. पण नुसते ‘व्हीट ब्रेड’ म्हटले की त्यात ‘एनरिच्ड फ्लोअर’, म्हणजे जीवनसत्त्वे घातलेला मैदा, पहिल्या जागी असू शकतो. ब्रिटनमध्ये १९९८ च्या ब्रेड आणि पिठाविषयीच्या नियमांनुसार ‘होलमील’ म्हणायचे तर सारे पीठ अख्ख्या गव्हाचेच हवे. ‘ब्राऊन’ या शब्दाला ती अट नाही. कॅनडात ‘होल व्हीट’ पिठातून दाण्याचा पाच टक्क्यांपर्यंत भाग काढता येतो आणि त्यात अंकुराचा बराच अंश जातो. तिथे अख्खा दाणा हवा असेल तर ‘होल ग्रेन’ असे शब्द शोधावे लागतात.

आपल्याकडे खरी अडचण सुट्या मालाची आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळणारा ‘ब्राऊन पाव’ वेष्टनाशिवाय येतो. गोव्यात पदेर आणून देतो ती पोई बाहेरून कोंड्यात घोळलेली असते. तो कोंडा चांगलाच आहे, पण आतले पीठ आट्याचे आहे की मैद्याचे, हे त्यावरून कळत नाही. अशा ठिकाणी बेकरीवाल्याला सरळ विचारावे: एका घाण्यात आटा किती किलो आणि मैदा किती किलो पडतो? हा प्रश्न नेमका असल्याने उत्तरही सहसा नेमके मिळते.

अपेक्षा किती ठेवावी

मधुमेह असलेल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. बारीक दळलेल्या आट्याचा ब्रेड रक्तातली साखर मैद्याच्या ब्रेडपेक्षा फार सावकाश वाढवतो, असे नाही. २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या ब्रेडचा ग्लायसेमिक निर्देशांक सरासरी ७५ आणि अख्ख्या गव्हाच्या ब्रेडचा ७४ दिलेला आहे. कोंडा असला तरी पीठ बारीक असल्याने त्यातला स्टार्च लवकर पचतो. अख्ख्या गव्हाच्या ब्रेडचा फायदा आहे तो तंतूंचा, खनिजांचा आणि जीवनसत्त्वांचा. तो मोठा फायदा आहे, पण त्याच्या भरवशावर स्लाईस वाढवू नयेत. डॉक्टरांनी जेवढ्या सांगितल्या तेवढ्याच खाव्यात.

दुकानात काय करावे

ब्रेड हातात घेतला की प्रथम तो उलटा करावा. पहिले पीठ आटा आहे का ते पाहावे आणि पुढे कुठे मैदा येतो का ते शोधावे. मग मीठ शोधावे आणि त्याच्याखालची सारी धान्ये मनातून पुसून टाकावीत. मिठाच्या वर कोंडा किंवा वेगळे घातलेले तंतू आहेत का ते पाहावे. शेवटी शंभर ग्रॅममधले तंतू पाहावेत. यादीत मैदा नाही, वरून घातलेले तंतू नाहीत आणि आकडा सहाच्या वर आहे, तर ब्रेड घ्यावा. यांतली एक जरी गोष्ट जुळत नसेल तर तो मैद्याचा किंवा मिश्र पिठाचा ब्रेड आहे असे समजावे, आणि आट्याच्या ब्रेडचे पैसे त्याला देऊ नयेत.

वेष्टनावर ‘होल व्हीट’ म्हटले आहे आणि यादीत मैदा पहिला आहे, किंवा ठळक छापलेल्या घटकाची टक्केवारीच नाही, असे आढळले तर वेष्टनाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा अन्न प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार करता येते. आणि सर्व ब्रेडवर तंतूंचा आकडा छापणे सक्तीचे व्हावे, ही मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरायला हवी. तपकिरी रंगाने दिशाभूल करणे ज्या एका आकड्याने अवघड होते, तो आकडा छापणे उत्पादकाच्या मर्जीवर सोडणे योग्य नाही.